खरेदीदार : मनसाराम झिंगू पचारे

दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की प्रफुलभाऊंच्या ऑफिसात एकदम सामसूम व्हायची. दिवसभर टर्मिनलवर लाल-निळे आकडे उड्या मारत असायचे, फोन खणखणत असायचे, वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतून आलेले दोन-चार निवृत्त लोक बाकावर बसून वाद घालत असायचे. मग सगळे उठून जायचे. पंखा फिरत राहायचा. जटपुरा गेटकडून सायकलरिक्षांच्या घंट्या दुरून, पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू यायच्या. साधनाला हा वेळ आवडायचा, कारण तिचं खरं काम यानंतरच सुरू व्हायचं.

साल दोन हजार सात. मार्च महिना. प्रफुलभाऊ मुंबईच्या एका दलालाचे चंद्रपुरातले सब-ब्रोकर. साधना त्यांच्याकडे तीन वर्षांपासून होती. संध्याकाळी शेअरबाजाराच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या मोठ्या सौद्यांच्या दोन याद्या लागत. एक ब्लॉक डीलची. सकाळच्या पहिल्या पस्तीस मिनिटांत एका वेगळ्या खिडकीतून पाच लाख शेअर किंवा पाच कोटींच्या वरचे जे सौदे होत, ते त्यात. ती यादी आखूड असायची, कधी तर रिकामीच. दुसरी बल्क डीलची. एखाद्या कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एकाच ग्राहकाने दिवसभरात घेतले किंवा विकले, की त्याच्या दलालाने ते बाजाराला कळवायचं. तुकड्यातुकड्यांनी घेतले असतील तर बाजार बंद झाल्यावर तासाभरात. मग ती यादी जगजाहीर व्हायची : कंपनीचं नाव, ग्राहकाचं नाव, खरेदी की विक्री, किती शेअर, सरासरी काय भावाने.

साधनाकडे एक वही होती. वहीत डाव्या पानावर बावीस कंपन्यांची नावं, प्रफुलभाऊंच्या ग्राहकांकडे ज्यांचे शेअर होते त्या. उजव्या पानावर नऊ नावं, मोठमोठ्या गुंतवणूकदारांची आणि फंडांची. यादी आली की ती आधी बावीस कंपन्या शोधायची. एखादी सापडली की घेणारा-विकणारा त्या नऊ नावांपैकी आहे का, ते पाहायची. एकाच नावाने तेवढेच घेऊन तेवढेच विकलेले असतील तर तो दिवसाचा खेळ, ते सोडून द्यायचं. आणि जे नाव त्या नऊंतलं नाही, त्याच्यासमोर ती लिहायची, ‘इतर’. मग प्रिंट काढून फाइलला लावायची, ग्राहकांना मोबाइलवर निरोप पाठवायची आणि सहाच्या सुमाराला घरी जायची.

त्या बुधवारी बल्कच्या यादीत बाविसावी कंपनी होती. सुवर्णगिरी अ‍ॅग्रोटेक. ही कंपनी महिन्याभरापूर्वीच वहीत आली होती, देवानंदभाऊंच्या सांगण्यावरून. देवानंदभाऊ वीज केंद्रात ऑपरेटर. त्यांच्याकडे सुवर्णगिरीचे चार हजार शेअर होते आणि भाव रोज वर चढत होता. कुणीतरी मोठा माणूस आत शिरतोय, अशी ऊर्जानगरच्या कॉलनीत चर्चा होती. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, “बाई, आज आला का कोनी?”

साधनाने ओळ वाचली. विक्री, सत्तर हजार नऊशे. रुखमा लालसू शेंडे. खरेदी, एकाहत्तर हजार चारशे, सरासरी भाव शेहेचाळीस रुपये वीस पैसे.

खरेदीदार : मनसाराम झिंगू पचारे.

हाताने सवयीने ‘इ’ लिहिला आणि पेन थांबलं.

मनसाराम नावाची माणसं पुष्कळ असतील. पचारेही असतील. पण बापाचं नाव झिंगू? जन्मला तेव्हा आईच्या टोपलीत झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी होती म्हणून झिंगू, असं ज्याच्याबद्दल सांगत, तो झिंगूआजा तिच्या मोहबोडी गावचा होता. तलावाच्या पाळीवर त्याची झोपडी होती. त्याचा मुलगा मनसाराम डोंगा वल्हवायचा, जाळं टाकायचा. साधना लहान असताना त्यानेच तिला तलावाच्या मधोमध नेऊन म्हटलं होतं, “खाली पाह्य, बाई, आभाय दिसते.” आणि रुखमा तर शेजारच्याच आळीतली, मोहफुलं वेचणारी, बोलताना तोंडावर पदर धरणारी.

उन्हं कलत होती. पडद्यावरची ती दोन नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत इतकी अनोळखी दिसत होती, की साधनाला वाटलं आपण जागे नाही. जेवण करून टेबलावर डोकं टेकलं की असं काहीबाही दिसतं.

“प्रफुलभाऊ,” ती म्हणाली, “हे दोघं माझ्या गावचे आहेत.”

प्रफुलभाऊंनी चष्मा वर केला, ओळ वाचली. “तेहतीस लाखाचा सौदा आहे हा. तुमच्या गावचा हा मानूस काय करते?”

“मासोळ्या धरते.”

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग हळू म्हणाले, “नावासारखं नाव असते, बाई.”

“बापाचं नाव झिंगू आहे, भाऊ.”

तिने फाइल काढली. सुवर्णगिरी वहीत नव्हती तेव्हाच्या याद्याही फाइलला होत्या, कारण प्रिंट पूर्ण यादीचं निघायचं. ती जानेवारीपासूनची पानं उलटत गेली. जानेवारीच्या शेवटी धनराज नावाच्या माणसाने विकले, रुखमाने घेतले. फेब्रुवारीत बायनाबाई पचारेने घेतले, आठ दिवसांनी तिनेच विकले आणि धनराजने घेतले. दर वेळी साठ-सत्तर हजार, दर वेळी थोड्या चढ्या भावाने. फेब्रुवारीतल्या दोन्ही नावांसमोर वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, इतर. इतर.

सगळे मोहबोडीचे. गाव झोपलेलं असताना जणू स्वप्नात उठून एकमेकांना एका कंपनीचे शेअर विकत होतं, विकत घेत होतं, आणि सकाळी त्यातलं कुणालाच काही आठवत नव्हतं. भाव मात्र खराखुरा वाढत होता.

फोन वाजला. देवानंदभाऊ. “आज आला का कोनी?”

“सांगते भाऊ,” साधना म्हणाली. “सोमवारी सांगते. तोपर्यंत नवीन घेऊ नका.”

रविवारी सकाळच्या गाडीने ती सिंदेवाहीला उतरली आणि तिथून जीपने फाट्यापर्यंत. पुढची दोन किलोमीटर पायवाट. पळस पेटलेले होते आणि मोहाची झाडं पानं गाळून उभी होती. खाली जमिनीवर फिकट पिवळी फुलं, त्यांचा तो जड, गोड वास, ज्याने डोकं हलकं होतं. बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. धुकं अजून तलावावरून उठलं नव्हतं. त्या बायकांत रुखमा होती. तिने साधनाला पाहून पदर तोंडावर घेतला आणि हसली. सत्तर हजार नऊशे शेअर विकणारी बाई, साधनाच्या मनात आलं.

मनसाराम अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याची बायको गोकुळा चुलीवर चहा ठेवत होती.

“आली का वो साधना! बस. तिकडं घरी सगळे बरे हायेत ना?”

“बरे आहेत, काकाजी. मी तुम्हाले एक विचाराले आली. तुम्ही कुठी सही गिही केली होती का, मागच्या सालात?”

“सही मले कुठी येते? आंगठा मारलो होतो.” त्याने आठवायला आभाळाकडे पाहिलं. “दिवाईच्या आधी एक मोटारसायकलवाला आलता. मासोळ्यावाल्याईचा इमा निघून राह्यला मने. सतरा जनाईचे फोटो काढले. आंगठे घेतले कोऱ्या कागदावर. सगळ्याईले एक-एक ब्लँकेट देऊन गेला.”

“विम्याचा काही कागद आला का मंग?”

गोकुळा आत गेली आणि देवाच्या फोटोमागून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. “हा इम्याचा कारट आला पोष्टानं. जपून ठेवलो.”

ते पॅन कार्ड होतं. वर मनसारामचा फोटो, कॅमेऱ्याकडे जरा घाबरून पाहणारा. खाली सहीच्या जागी इंग्रजीत लफ्फेदार, सराईत सही.

“काकाजी, ही सही कोनाची?”

मनसारामने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “मले वाटलं सरकारची असन.”

साधनाने त्याला सांगितलं. कंपनी म्हणजे काय, तिचे शेअर म्हणजे काय, तिथून सुरुवात केली. त्याच्या फोटोवर, त्याच्या नावाने कुणीतरी बँकेत खातं उघडलं, शेअरचं खातं उघडलं, आणि बुधवारी त्याने, म्हणजे त्याच्या नावाने, रुखमाच्या नावाकडून एकाहत्तर हजार शेअर घेतले. कोण घेतंय ते खोटं, भाव चढतो तो मात्र खरा. बाहेरची माणसं पाहतात, कुणीतरी घेतंय, मग तीही घेतात. गोकुळा चहाचे कप तसेच धरून उभी होती.

मनसारामने जाळ्याचं एक घर पूर्ण केलं, गाठ मारली. मग म्हणाला, “ते कंपनी कुठी हाय?”

“गुजरातेकडे. कागदावर त बियाणं तयार करते.”

“आन मी तिचा मालक?”

“थोडासा. अर्ध्या टक्क्याच्या वर.”

तो तलावाकडे पाहत राहिला. धुकं आता पातळ झालं होतं आणि पाण्यावर एकच डोंगा स्थिर उभा होता. “मी बुधवारी वांब धरली होती,” तो म्हणाला. “मोठी होती. अख्खा दिवस तिथंच होतो, त्या खुंट्यापाशी. तवा तिकडं मी काई घेऊन राह्यलो होतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता. एक नवल होतं, आणि नवलाच्या खाली काहीतरी हरवल्याची जाणीव. “बाई, तो दुसरा मनसाराम मले सोडन कसा?”

“आपण लिहून कळवू,” साधना म्हणाली. “ही खरेदी मी केली नाही म्हणून. तुम्ही, रुखमाकाकू, सगळे.”

“आन त्यात आमालेच धरलं त?” गोकुळाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

साधनाने खरं तेच सांगितलं. “धरूही शकतात, काकू. पण गप्प राहिलं त नक्कीच धरतील. हे फुटल्याशिवाय राहत नाही. तेव्हा यादीत नाव तुमचंच असेल.”

त्या दुपारी मनसारामच्या अंगणात अकरा माणसं बसली. बाकीची सहा आली नाहीत, घाबरली. साधनाने प्रत्येकाचा अर्ज लिहिला, प्रत्येकाने आपला अंगठा लावला. या वेळी अंगठा लावायच्या आधी तिने प्रत्येकाला अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. रुखमाने तिचा दोनदा वाचायला लावला.

सोमवारी प्रफुलभाऊंनी ते अकरा कागद टेबलावर पसरून पाहिले. “आपन यादी पाह्यतो, बाई. चवकशी करनं आपलं काम नाई,” ते म्हणाले. मग कागद नीट जुळवून घेतले. “पन पाह्यलं ते पाह्यलं.” त्यांनी स्वतः याद्यांच्या प्रती काढल्या, तारखा लावल्या, कुणी कुणाकडून घेतले त्याच्या खाली पेन्सिलीने रेघा मारल्या. शेअरबाजाराला एक गठ्ठा, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या नियामकाला एक, बँकेला एक, आयकर कार्यालयाला एक. सगळे रजिस्टर पोस्टाने.

देवानंदभाऊ संध्याकाळी वीज केंद्राच्या बसने थेट ऑफिसात आले. साधनाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून अजून तीन हजार शेअर घ्यायला निघाले होते.

“उद्या विकतो,” ते म्हणाले.

“विका,” प्रफुलभाऊ म्हणाले. “यादी जगजाहीर आहे, तुमी काई चोरून पाह्यलं नाई.”

देवानंदभाऊ उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. “पन मी विकीन त घेईन कोन? कोनी खरा मानूस घेईन, नाईतर हिचा मनसारामच घेईन. दोनीतून चांगलं काय?” त्यांनी साधनाकडे असं पाहिलं, जणू ती यादी तिनेच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धे विकले. उरलेले का ठेवले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. महिन्याभरात सुवर्णगिरीचा भाव रोज घसरून बाजाराने ठरवलेल्या त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकू लागला. विकणारे रांगेत, घेणारा एकही नाही. देवानंदभाऊंचे ते दोन हजार शेअर तसेच राहिले. ते तिच्यावर रागावले, चार महिने बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले.

पत्रांना उत्तर आलं नाही. उन्हाळा गेला, पाऊसपाणी झालं, तलाव भरला. साधना रोज संध्याकाळी यादी वाचत राहिली. मोहबोडीची नावं एप्रिलनंतर पुन्हा आली नाहीत. पण आता तिला ‘इतर’ लिहिता येत नव्हतं. गुजराती नावाची एक बाई, नावावरून म्हातारा असावा असा कुणी, तेलुगू नावाचा एक माणूस. ती प्रत्येक नाव पूर्ण लिहायची. लिहिताना कुणीतरी डोळ्यांसमोर उभं राहायचं, आपल्या अंगणात, आपल्या कामात गर्क, आणि त्याला काहीच ठाऊक नसायचं. कदाचित ते खरेच मोठे शेठ असतील. कसं कळणार?

नोव्हेंबरात मोहबोडीहून तिच्या आईचा फोन आला. “मनसाराम बाजारात जाऊनच नाई राह्यला. तीन हप्ते झाले. मासोळ्या घरीच वाळवून राह्यला. गोकुळा रडून राह्यली. तू ये.”

ती गेली. मनसाराम ओट्यावर बसला होता, पाय पोटाशी घेऊन. आत खोलीत वाळल्या मासोळीचा वास दाटला होता. त्याने तिच्या हातात एक लांब पाकीट दिलं. नियामकाचा अंतरिम आदेश. चाळीस नावांची यादी. अठ्ठावीस नंबरला मनसाराम झिंगू पचारे.

“शाळेच्या गुरुजीनं वाचून दाखवलं,” तो म्हणाला. “पुढचा हुकूम येईपर्यंत बाजारात खरेदी-विक्री करायची नाई. सरकारनं बंदी घातली.”

साधनाने आदेश वाचला. ‘रोखे बाजारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष खरेदी, विक्री किंवा व्यवहार करण्यास मनाई’, गुरुजींनी मराठीत समजावलं होतं ते बरोबरच होतं. फक्त बाजार एकच आहे, असं या माणसाला वाटलं होतं. सिंदेवाहीचा सोमवारचा.

“काकाजी,” ती म्हणाली. “हा तो बाजार नाही.”

“नाई?”

“नाही. हा त्या दुसऱ्या मनसारामचा बाजार. तुमच्या मासोळ्यांले कोणी बंदी घातली नाही.”

ज्या बाजारात मनसाराम कधी गेलाच नाही, त्याचा कायदा तो तीन आठवडे पाळत होता. “म्हंजे त्याले पकडलं?” त्याने विचारलं.

“त्याचं नाव पकडलं. नाव तुमचंच आहे. आता आपल्याले जाऊन सांगायचं आहे, की नाव माझं, पण मानूस मी नाही.”

आदेशात उत्तर द्यायला मुदत होती, आणि हवी असेल तर समक्ष सुनावणीही. प्रफुलभाऊंनी तिकिटं काढली. आधी पाठवलेल्या पत्राची पोच त्यांनी जपून ठेवली होती. त्यावरची तारीख आदेशाच्या आठ महिने आधीची होती. बाकीच्या नऊ जणांची लेखी उत्तरं सोबत घेऊन मनसाराम, रुखमा आणि साधना मुंबईला गेले. उंच इमारतीतल्या थंड खोलीत एका अधिकारी बाईंनी खातं उघडण्याचा फॉर्म समोर ठेवला. त्यावर तीच लफ्फेदार सही. “ही तुमची का?” त्यांनी मराठीत विचारलं.

मनसारामने मान हलवली आणि न सांगता उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. जाळ्याच्या दोरीने घासून घासून त्यावरच्या रेघा पार पुसट झाल्या होत्या. “माह्याजवळ हेच हाय, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी त्या अंगठ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग लिहून घेऊ लागल्या. रुखमाची पाळी आली तेव्हा तिने तोंडावरचा पदर काढला आणि सगळं नीट, न थांबता सांगितलं. मोटारसायकलचा रंगसुद्धा.

परतीच्या गाडीत मनसाराम खिडकीशी बसून होता. बाहेर अनोळखी गावं मागे जात होती. “ते कंपनी याच वाटंवर असन का?” त्याने मध्येच विचारलं. साधनाने नाही म्हटलं. “पाह्यली असती एक खेप,” तो म्हणाला आणि झोपून गेला.

अंतिम आदेश यायला पुढचा उन्हाळा उजाडला. अर्ज केलेल्या अकराही जणांची नावं वगळली होती. जे सहा जण आले नव्हते, त्यांची राहिली. त्यांच्यासाठी साधनाला आणखी दोन वर्षं कागद लिहावे लागले. मोटारसायकलवाला सापडला नाही. त्याच्या मागचे दोघं सापडले, नागपूरचे.

आदेश घेऊन ती सोमवारी सिंदेवाहीच्या बाजारात उतरली. मासोळीबाजारात खूप गर्दी होती. मनसाराम गोणपाटावर बसला होता, समोर मरळ आणि बोटऱ्या, अजून ओल्या. तिने कागद उलगडला. तो म्हणाला, “थांब, या गिऱ्हाईकाले देतो आधी.” त्याने मासोळी तोलली, पानात गुंडाळली, वरून मूठभर झिंगे टाकले. मग हात पुसले आणि म्हणाला, “आता वाच. पुरं वाच. माहं नाव येईन तवा जरा मोठ्यानं.”